प्याद्यांचा एकच सांगाडा, दोन्ही बाजूंनी

सर, नमस्कार. मी भुसावळला रेल्वेत आहे, शिफ्ट ड्युटी असते. वय ३१. रविवारची सुट्टी जुळली की जळगाव-धुळ्याच्या एकदिवसीय रॅपिड स्पर्धा खेळतो. रेटिंग १५५० च्या आसपास अडकलंय. काळ्याकडून सिसिलियन नायडॉर्फ आणि किंग्ज इंडियन, पांढऱ्याकडून ई-फोर. व्हिडिओ बघून पंधरा-सोळा चालींपर्यंत लाइन पाठ करतो, पण समोरचा पाचव्या-सहाव्या चालीलाच वेगळं खेळतो आणि मग माझा प्लॅनच संपतो. आठवड्याला चार तास मिळतात. एवढ्यात मावेल अशी छोटी रेपरटॉयर कशी निवडायची?
– एक वाचक, भुसावळ

भाऊ, नमस्कार.

तुमच्या तिन्ही ओपनिंग चांगल्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. नायडॉर्फमध्ये शिकलेलं किंग्ज इंडियनमध्ये कामाला येत नाही आणि किंग्ज इंडियनमधलं पांढऱ्याकडून ई-फोर खेळताना येत नाही. त्यात ई-फोर खेळणाऱ्याला सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, स्कँडिनेव्हियन आणि ई-फाइव्ह या सगळ्यांसाठी वेगवेगळं उत्तर तयार ठेवावं लागतं. म्हणजे तुमचे चार तास सात-आठ ठिकाणी वाटले जातात आणि कुठेच खोल जात नाहीत. तुमची स्मरणशक्ती कमी पडत नाहीये, निवड पसरट झालीये.

माझं म्हणणं असं आहे की ओपनिंग निवडताना चालींच्या याद्या बघू नका, त्यातून प्यादी कशी उभी राहतात ते बघा. समोरचा चालींचा क्रम बदलू शकतो, घोडा आधी काढेल, उंट नंतर काढेल, पण मधली प्यादी एकदा बसली की पुढच्या पंधरा-वीस चाली फारशी हलत नाहीत. घोडा कुठे न्यायचा, कोणता उंट बदलायचा, हल्ला पटाच्या कोणत्या बाजूला करायचा, हे ती प्यादीच ठरवतात. म्हणून पांढऱ्याकडून आणि काळ्याकडून शक्यतो एकच सांगाडा वारंवार समोर येईल अशा ओपनिंग घ्याव्यात. मग एका डावात कळलेली गोष्ट पुढच्या डावात रंग बदलला तरी उपयोगी पडते.

तुमच्यासाठी मी अशा तीन निवडतो. पांढऱ्याकडून लंडन सिस्टिम, ई-फोरला कारो-कान आणि डी-फोरला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. या तिघींचा प्रत्येकी एक महत्त्वाचा फाटा खाली देतो. पाठ करण्यासाठी नाही. पट घेऊन तिन्ही मांडा आणि फक्त प्याद्यांकडे बघा.

```
1.d4 d5 2.Bf4 Nf6 3.e3 c5 4.c3 Nc6 5.Nd2 cxd4 6.exd4
1.e4 c6 2.d4 d5 3.exd5 cxd5 4.Bd3 Nc6 5.c3 Nf6 6.Bf4
1.d4 d5 2.c4 e6 3.Nc3 Nf6 4.cxd5 exd5 5.Bg5 c6 6.e3
```

पहिली लंडन, तिथे तुम्ही पांढरे. दुसरी कारो-कानचा एक्स्चेंज फाटा, तिथे तुम्ही काळे. या दोन्ही स्थिती शेजारी शेजारी मांडल्या तर लक्षात येईल की फरक पांढऱ्याच्या एका मोहऱ्याचा आहे. लंडनमध्ये घोडा d2 वर आलाय, कारो-कानमध्ये त्याऐवजी उंट d3 वर. बाकी सगळं घरन् घर सारखं, आणि दोन्हीकडे चाल काळ्याची. म्हणजे सकाळच्या राऊंडला तुम्ही जी स्थिती पांढऱ्याकडून खेळाल, तीच दुपारच्या राऊंडला काळ्याकडून तुमच्यासमोर येऊ शकते. तिसऱ्या ओळीत तोच सांगाडा रंग उलटे करून आलाय. आता c6 आणि d5 ची प्यादी काळ्याची आहेत आणि सी फाईल पांढऱ्यासाठी मोकळी आहे. बुद्धिबळात या सांगाड्याला कार्ल्सबाड म्हणतात.

यात दोन बाजू असतात. एका बाजूकडे सी आणि डी फाईलवरची प्यादी असतात आणि तिच्यासाठी ई फाईल मोकळी असते. दुसरीकडे डी आणि ई फाईलवरची प्यादी असतात आणि तिच्यासाठी सी फाईल मोकळी असते. सोयीसाठी पहिलीला ई-बाजू आणि दुसरीला सी-बाजू म्हणू. लंडनमध्ये तुम्ही ई-बाजूचे, कारो-कानमध्ये सी-बाजूचे, क्वीन्स गॅम्बिटमध्ये पुन्हा ई-बाजूचे. तुम्हाला शिकायचंय ते एवढंच की ई-बाजू काय करते आणि सी-बाजू काय करते.

आधी ई-बाजू. तिच्यासाठी एक डाव पुरेसा आहे, तो मनापासून बघा. १९७० साली बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला होता. त्यात बॉबी फिशर दुसऱ्या बोर्डावर तिग्रान पेट्रोसियनशी खेळला. पेट्रोसियन आदल्या वर्षापर्यंत जगज्जेता होता आणि बचावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फिशरने वरची दुसरी ओळ खेळली. पेट्रोसियनने 6...Bg4 केलं, कारण e6 करण्याआधी हा उंट बाहेर काढला नाही तर तो स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकतो. फिशरचं उत्तर होतं 7.Qb3. उंट c8 वरून निघाल्यामुळे b7 चं प्यादं उघडं पडलं होतं, वजिराने b3 वरून त्यावरच नजर रोखली. पुढे 7...Na5 8.Qa4+ Bd7 9.Qc2 e6. आता काळ्याचा उंट कुठे आहे बघा. ज्या कोंडीतून सुटायला तो बाहेर गेला होता, तिथेच तो d7 वर परत आला आणि e6 ने दार लावलं गेलं.

यानंतरची चाल मला या डावातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. काळ्याने Qb6 केल्यावर फिशरने 11.a4 खेळलं. हल्ला नाही, धमकी नाही, कडेचं एक प्यादं दोन घरं पुढे. काळ्याला तो कोंडलेला उंट b5 वर आणून पांढऱ्याच्या d3 वरच्या उंटाशी बदलायचा होता. a4 ने ते बंद केलं. शिवाय b5 ला प्यादं ढकलणंही अवघड करून टाकलं. d3 चा उंट हा ई-बाजूचा सगळ्यात मोलाचा हल्लेखोर आहे, तो h7 कडे रोखून बघत असतो. त्याला बदलू द्यायचं नाही, हे या सांगाड्यातलं पहिलं काम. मग फिशरने घोडा e5 वर बसवला, राजा किल्लेबंदीत नेला, f4 केलं आणि एकविसाव्या चालीला f5. पेट्रोसियनने किल्लेबंदी केलीच नाही, राजा f8 वर नेला. एकोणचाळिसाव्या चालीला डाव संपला.

ई-बाजूचा प्लॅन यातून कळतो. घोडा e5 वर, d3 चा उंट जपायचा, f4 ने घोड्याला आधार द्यायचा आणि राजाच्या बाजूला जायचं. लंडन खेळताना हेच करायचं. वरच्या पहिल्या ओळीनंतर काळ्याने 6...Bg4 केलं तर 7.Qb3 तुम्हाला आता आठवणारच, कारण b7 उघडं का पडतं ते तुम्ही पाहिलंय. ती लाइन पाठ असण्याची गरज उरत नाही.

आता सी-बाजू, म्हणजे कारो-कानमध्ये तुम्ही काळे. पेट्रोसियनचं 7...Na5 सोडून 7...Qd7 खेळा. b7 सांभाळलं गेलं आणि उंट g4 वरच राहिला. मग साधारण असं चालतं:

```
8.Nd2 e6 9.Ngf3 Bxf3 10.Nxf3 Bd6 11.Bxd6 Qxd6
```

काळ्याची अडचण होती तो पांढऱ्या घरांचा उंट बदलला गेला. काळ्या घरांचे उंटही गेले. आता सी-बाजूचं नेहमीचं काम सुरू होतं, ज्याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. वजिराच्या बाजूला काळ्याकडे ए आणि बी ही दोनच प्यादी आहेत, पांढऱ्याकडे ए, बी आणि सी अशी तीन. तरीही काळा आपली दोन पुढे ढकलतो. बी प्यादं b4 वर जाऊन c3 ला भिडलं की पांढऱ्याला त्रास होतो. त्याने घेतलं तर d4 एकटं पडतं. नाही घेतलं आणि काळ्याने c3 वर घेतलं, तर c3 चं प्यादं मागे राहतं आणि सी फाईलवर काळ्याच्या हत्तीसमोर उभं राहतं.

पण इथे बहुतेकांकडून घाई होते, म्हणून हे सावकाश सांगतो. पांढऱ्याचा वजीर b3 वर आणि उंट d3 वर आहे, म्हणजे b5 या घरावर दोघांची नजर आहे. किल्लेबंदी करून Rab8 केल्यावर लगेच b5 ढकलाल तर ते प्यादं जाण्याची वेळ येते. आधी a6 करा, मग b5. आता मोह होतो तो b4 चा. तोही आवरा, कारण प्यादं b5 वरून हललं की d3 चा उंट सरळ a6 वर येतो आणि तिथे रक्षक कोणी नाही. त्याऐवजी Na5 करा. वजिराला b3 सोडावं लागतं आणि घोडा c4 वर जाऊन बसतो, b5 च्या प्याद्याच्या आधाराने. c4 वरचा घोडा उंटाची ती तिरकी वाटही अडवतो. पांढऱ्याने उंटाने घोडा मारला तर b5 च्या प्याद्याने घ्या. बी फाईल उघडते आणि b8 चा हत्ती b2 वर दिसू लागतो. घोडा पक्का बसल्यावर सावकाश a5 आणि मग b4.

आणखी एक गोष्ट डोळ्यासमोर ठेवा. तुमचा वजीर d6 वर आणि घोडा f6 वर असताना पांढरा घोडा e5 वर आला आणि त्याच्या मागे ई फाईलवर हत्ती असला, तर तो घोडा मारू नका. तुम्ही मारलात की पांढरा डी प्याद्याने परत घेतो आणि त्या एका प्याद्याच्या माऱ्यात तुमचा वजीर आणि घोडा दोन्ही येतात. रॅपिडमध्ये अशी चाल चार सेकंदांत खेळली जाते आणि डाव तिथेच संपतो.

सी-बाजूचा हल्ला चुकतोय हे ओळखायची खूणही आहे. b5 ढकलल्यावर c5 चं घर तुमच्या प्याद्यांच्या हातून जातं. पांढऱ्याने घोडा d2, b3 असा फिरवून c5 वर आणला आणि तुम्हाला तो हाकलता आला नाही, तर b5 लवकर झालं असं समजा. दुसरी खूण, पांढऱ्याचा f4 होऊन f5 ची तयारी झाली असेल आणि तुमचा घोडा अजून a5 वरच असेल, तर वजिराच्या बाजूचं काम थांबवून राजाकडे बघा. या सांगाड्यात दोघेही वेगवेगळ्या बाजूंना धावत असतात, त्यामुळे दर दोन चालींनी आपल्याला किती चाली लागतील आणि त्याला किती, हे मोजावंच लागतं.

तिसरी ओपनिंग, क्वीन्स गॅम्बिट, आता लवकर उरकते, कारण तुम्ही पुन्हा ई-बाजूचे आहात. पांढरा तुमच्यावर तोच मायनॉरिटी अटॅक आणेल. तुमची मांडणी Be7, किल्लेबंदी, Nbd7, Re8 आणि Nf8. f8 चा घोडा h7 राखतो, त्यामुळे f6 चा घोडा e4 वर जायला मोकळा होतो. फिशरचा e5 इथे तुमचा e4 झाला, एवढाच फरक. पांढऱ्याने Rab1 केलं की b4 येणार हे तुम्ही स्वतः कारो-कानमध्ये Rab8 खेळत असल्यामुळे लगेच ओळखाल. तेव्हा a5 करून त्याला उशीर करा. घोडा e4 वरून d6 वर आणता आला तर फार उत्तम, कारण तिथून तो b5 आणि c4 ही दोन्ही घरं राखतो.

प्रत्येक डाव या सांगाड्यात येणार नाही, हेही सांगायला हवं. लंडनमध्ये काळा d4 वर घेणारच नाही असं होतं. तो c4 ढकलून तुमच्या उंटाला हाकलेल. तेव्हा Bc2 करून e4 ची तयारी करा, कारण c5 च्या प्याद्याचा d4 वरचा दाब गेल्यामुळे मध्यभाग तुमच्यासाठी मोकळा झालाय. काळ्याने g6 आणि Bg7 अशी किंग्ज इंडियन मांडणी केली तर h3 करून ठेवा, म्हणजे Nh5 आलं तरी उंटाला h2 वर जागा मिळते. तो डाव थोडा वेगळा जाईल, पण तुम्ही स्वतः इतकी वर्षं किंग्ज इंडियन खेळलात, काळा e5 करायला बघतोय हे तुम्हाला सांगायला नको.

कारो-कानमध्ये पांढऱ्याने 3.Nc3 किंवा 3.Nd2 केलं तर e4 वर घ्या आणि 4.Nxe4 नंतर Nf6 करा. त्याने f6 वर मारलं तर ई प्याद्याने परत घ्या. एफ फाईलवर दोन प्यादी होतात, पण ई फाईल उघडते, मोहरी पटापट बाहेर येतात आणि राजासमोर प्याद्यांची भिंत उभी राहते. इथे अट एकच, सगळी मोहरी बदलून शेवटाकडे जायचं नाही. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे, तो त्यातून मुक्त प्यादं बनवू शकतो. तुमच्या दुहेरी एफ प्याद्यांतून मात्र सहजी मुक्त प्यादं बनत नाही. त्यामुळे हत्ती आणि वजीर पटावर ठेवा, ई फाईलवर दाब द्या.

पाठांतर अजिबात नको असं मी म्हणणार नाही. या रेपरटॉयरमध्ये दोन जागा अशा आहेत की तिथे समजून घेऊन भागत नाही, चाल डोक्यात पक्की असावीच लागते.

पहिली कारो-कानच्या अ‍ॅडव्हान्स फाट्यात. 1.e4 c6 2.d4 d5 3.e5 Bf5 4.h4 आलं की सवयीने e6 करू नका. 5.g4 Be4 6.f3 Bg6 7.h5 आणि उंट गेला. चौथ्या चालीला h5 करून ठेवा. मग e6 आणि c5, d4 वर दाब, हा प्लॅन तुम्ही पटावर शोधू शकाल.

दुसरी लंडनमध्ये, आणि ती क्रमाची आहे. वजिराच्या बाजूचा घोडा d2 वर आधी, राजाच्या बाजूचा f3 वर नंतर. कारण असं की काळा Qb6 करून b2 वर येतो, तुम्ही Qb3 करता, तो c4 ढकलतो, तुम्ही Qc2 करता आणि तो Bf5 करून उंट तुमच्या वजिरासमोर आणून ठेवतो. घोडा अजून b1 वरच असेल तर तो उंट मारता येत नाही, कारण Qxb2 झाल्यावर a1 चा हत्ती कोपऱ्यात अडकून जातो. घोडा आधीच d2 वर गेला असेल तर b1 मोकळं असतं, हत्ती तिथे सरकतो आणि तुम्ही एक मोहरा वर असता. एका घोड्याच्या आधी-नंतरवर हे सगळं फिरतं. याचं कारण एकदा पटावर बघून घ्या, म्हणजे क्रम चुकणार नाही.

आता तुमचे चार तास. ओपनिंगला त्यातला एकच द्या. दोन तास स्वतःच्या हरलेल्या डावांना आणि उरलेला एक कॉम्बिनेशन सोडवायला. ओपनिंगच्या त्या तासात नवीन व्हिडिओ बघू नका. एक वही करा, प्रत्येक ओपनिंगला एकच पान. पानावर प्याद्यांची आकृती, कोणतं मोहरं कुठे बसतं, कोणतं बदलायचं, कोणतं जपायचं आणि कोणतं प्यादं कधी ढकलायचं एवढंच लिहा. चालींची लाइन पानावर लिहायची तर नियम ठेवा, ती लाइन स्पर्धेत तुमच्यासमोर प्रत्यक्ष आली असेल आणि तिथे तुमचं नुकसान झालं असेल, तरच. कोणीतरी कधीतरी खेळेल म्हणून लिहायची नाही. पान भरलं की नवीन ओळीसाठी जुनी खोडा.

स्पर्धेहून परतताना गाडीत स्कोअरशीट काढा आणि प्रत्येक डावात एकच जागा शोधा, जिथे तुम्हाला पहिल्यांदा पुढे काय करायचं ते सुचेनासं झालं. चूक कुठे झाली ती नंतर बघू, आधी ही जागा. मग घरी lichess.org वरच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये ती स्थिती मांडा. तिथे रेटिंगनुसार गाळणी लावता येते. तुमच्या पातळीचे लोक तिथून प्रत्यक्ष काय खेळतात ते दिसतं, आणि ते ग्रँडमास्टरांच्या लाइनपेक्षा बरंच वेगळं असतं. तुमची तयारी सहाव्या चालीला तुटत होती ती यामुळेच. तुम्ही ग्रँडमास्टरांच्या चाली शिकत होतात आणि समोर शाळेतला मुलगा त्याला जे सुचतं ते खेळत होता.

बदल एकदम तिन्हीकडे करू नका. आधी लंडन आणा आणि काही स्पर्धा तेवढंच बदलून खेळा, काळ्याकडून तुमचं जुनं चालू द्या. e5 वरचा घोडा आणि d3 चा उंट हाताला बसला की कारो-कान घ्या. लंडनमधून तुम्हाला तोवर ई-बाजू कळलेली असेल, त्यामुळे कारो-कानमध्ये समोरच्याला काय हवंय ते तुम्ही त्याच्याआधी बघाल. क्वीन्स गॅम्बिट शेवटी.

या निवडीला मर्यादा आहेत. लंडनमधून पांढऱ्याला सुरुवातीला फार मोठा वरचष्मा मिळत नाही, आणि ज्यांची तयारी पक्की आहे त्यांच्यासमोर डाव बराच काळ बरोबरीत चालतो. तुमच्या रेटिंगला ते चालण्यासारखं आहे, कारण डाव पंचविसाव्या चालीनंतर ठरतात. पण तुम्हाला मनापासून मोकळे, मारामारीचे डाव आवडत असतील आणि घोडा d2, f1, g3 असा फिरवत बसायचा कंटाळा येत असेल, तर हा सांगाडा तुमच्यासाठी नाही. मग d4 वर एकटं प्यादं असणारा सांगाडा घ्या. कारो-कानमध्ये पांढरा चौथ्या चालीला c4 करून, म्हणजे पानोव्ह हल्ल्यात, तोच आणतो. पांढऱ्याकडून तो खेळायला लागा आणि काळ्याकडून अशाच ओपनिंग शोधा. पद्धत तीच राहील, फक्त प्यादी वेगळी.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच स्पर्धेत तो समोर येईल. कोणी 1.c4 किंवा 1.Nf3 केलं तर काय? e6 आणि d5 करा, त्याच मांडणीत उंट e7 वर न्या आणि किल्लेबंदी करा. बऱ्याचदा तो पुढे d4 करतो आणि डाव तुमच्या तिसऱ्या पानावर येतो. त्याने d4 नाहीच केलं तर तुमचा मध्यभाग सुरक्षित आहे, c5 करून जागा वाढवा आणि पुढचं पटावर बसून ठरवा.